बडोद्यात पत्ता शोधताना: गुजराती लिपी, देवनागरी की इंग्रजी स्पेलिंग?

प्रश्न: नात्यातलं लग्न बडोद्याला आहे. पत्त्याचा फोटो आला तो गुजरातीत, आणि तिथल्या पाट्याही आम्हाला वाचता येत नाहीत. मॅपमध्ये अंदाजाने इंग्रजी स्पेलिंग टाकलं की भलतंच ठिकाण येतं. नाव गुजराती लिपीत शोधावं, देवनागरीत, की इंग्रजीतच? आणि आलेलं ठिकाण बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर:

मी बडोद्यातच पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीत पत्ते तपासण्याचं काम करतो. पत्ता गुजरातीत लिहिलेला, ग्राहक मराठी, रायडर कुठला तरी तिसराच, आणि मॅपवर नाव इंग्रजीत, ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे आधी थेट सांगतो. गल्ली, दरवाजा, रस्ता, वस्ती आणि पोळ, म्हणजे आत जाणारी अरुंद वस्ती, यांची नावं पाटीवर आहेत तशी गुजराती लिपीत शोधा. दुकान, हॉल, दवाखाना, अपार्टमेंट यांची नावं इंग्रजीत शोधा. आणि नाव फक्त कानाने ऐकलं असेल, लिहिलेलं कुठेच दिसलं नसेल, तर देवनागरीत टाका. तिन्हींत एकच लिपी धरून बसलात तर निम्मे पत्ते हुकतील.

याचं कारण मॅपमध्ये नाव कुठून येतं त्यात आहे. गल्लीचं किंवा पोळीचं नाव मुळात गुजराती आहे. ते इंग्रजीत कुणी कसं लिहिलं यावर कुणाचं बंधन नाही. हॉलचं उलट आहे. मालकाने नोंद केली तेव्हा बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांतच केली. तुम्हाला मॅपमध्ये त्याखाली जी गुजराती ओळ दिसते ती पुष्कळदा त्या इंग्रजीवरून यंत्राने तयार केलेली असते. 2021 च्या जानेवारीत गुगलने मराठी, गुजराती धरून 10 भारतीय भाषांत मॅपवरची नावं आपोआप लिप्यंतरित करत असल्याचं जाहीर केलं होतं. सोय मोठी झाली, पण इंग्रजी अक्षरांत द आणि ड एकच, त आणि ट एकच, न आणि ण एकच, ल आणि ळ एकच. अ आणि आ यांचाही भरवसा नाही. एकदा इंग्रजीत गेलेलं नाव परत गुजरातीत आणताना यंत्राला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज कधी चुकतोही. म्हणून हॉलच्या दारावरच्या गुजराती पाटीचं स्पेलिंग आणि मॅपमधलं गुजराती स्पेलिंग वेगळं निघू शकतं. अशा ठिकाणी पाटीवरून हुबेहूब उतरवलेली गुजराती अक्षरंही शोधात रिकामी जातात, आणि साधं इंग्रजी नाव पहिल्या फटक्यात लागतं.

गल्लीच्या नावांचं उदाहरण घेऊ, म्हणजे फरक नीट कळेल. न्यायमंदिराच्या बाजूला मदन झांपा रोड आहे. समजा तुम्ही तिथेच उभे आहात, रिक्षावाल्याने सोडून दिलंय, आणि आपण कुठे आहोत ते घरच्यांना फोनवर सांगायचं आहे. समोर दुकानाची पाटी आहे. दुकानाचं नाव मोठ्या कलाकुसरीच्या अक्षरांत असतं, ते सोडून द्या. तळाशी बारीक अक्षरांत पत्त्याची ओळ असते, ती बघा. बडोद्यात रस्त्याच्या नावाचा फलक सापडेल न सापडेल, पण दुकानाच्या पाटीवरची तळओळ बहुतेक ठिकाणी सापडते, आणि ती साध्या छापील अक्षरांत असते. ती काहीशी अशी दिसेल:

`મદન ઝાંપા રોડ, વડોદરા`

मराठी माणूस यातलं बरंचसं ओढूनताणून वाचतो. शिरोरेघ नाही एवढं सोडलं तर म, द, न, र आपल्यासारखेच आहेत. पण दुसऱ्या शब्दाच्या पहिल्या अक्षरापाशी आपण अडतो. `ઝ` हा गुजराती झ आहे आणि तो देवनागरी झ सारखा अजिबात दिसत नाही. दिसतो इ सारखा. मग नवखा माणूस `Madan Impa` असं काहीतरी टाकतो आणि मॅप त्याला सपशेल नाकारतो. कुणी जाणकाराने झ सांगितला तरी पुढचा गोंधळ आहेच. आपल्याकडे झ साठी `jh` लिहायची सवय, गुजरातीत मात्र `z` चालतो, झवेरीचं `Zaveri` होतं तसा. शिवाय अनुस्वाराचा `m` की `n`, आणि शब्द जोडून की तोडून. `Madan Zampa`, `Madanzampa`, `Madan Jhampa`, `Madan Zapa` अशी सगळी रूपं लोकांच्या लिहिण्यात येतात. मॅप यातल्या काहींना सांभाळून घेतो, सगळ्यांना नाही.

इथे गुजराती अक्षरं थेट टाकली तर हा पूर्ण गुंता टळतो, कारण गुजरातीत या नावाचं एकच रूप आहे, फार तर मधली जागा असेल किंवा नसेल. ती अक्षरं टाकायची कशी, हा खरा कामाचा भाग आहे.

पहिला मार्ग म्हणजे पाटीचा फोटो काढून गुगल लेन्समध्ये उघडणं. तिथे दोन गोष्टी करता येतात, भाषांतर करणं आणि मजकूर निवडून कॉपी करणं. बहुतेक लोक सवयीने भाषांतर दाबतात, आणि तिथेच फसतात. भाषांतराचं यंत्र विशेषनामाला विशेषनाम म्हणून ओळखेलच असं नाही. पाणीगेटचा पाण्याचा दरवाजा होऊ शकतो आणि मांडवीजवळच्या घडियाळी पोळीत घड्याळ शिरू शकतं. ते शब्द मॅपमध्ये टाकून काय मिळणार! तुम्हाला अर्थ नको आहे, अक्षरं हवी आहेत. म्हणून मजकूर निवडा, फक्त रस्त्याच्या नावापुरता, कॉपी करा आणि मॅपच्या शोधपट्टीत चिकटवा. त्यापुढे `વડોદરા` हा शब्दही ठेवा, त्याचं कारण पुढे सांगतो. यासाठी नेट चालू असावं लागतं. नेट गेलं की गुजराती पाटी वाचून घेण्याचा भरवसा धरू नका.

चिकटवल्यावर लगेच शोध दाबू नका. पाटीवरची आणि शोधपट्टीतली अक्षरं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. गुजराती येत नसली तरी आकार जुळतात की नाही हे डोळ्यांना कळतं. तीन ठिकाणी यंत्र हमखास घसरतं. एक, `ઘ` आणि `ધ`, म्हणजे घ आणि ध. यांच्यात फरक अगदी बारीक आहे. घडियाळी पोळ `ઘડિયાળી પોળ` अशी लिहितात, आणि पाटीचा रंग उडालेला असला की पहिल्या अक्षराचा ध होतो. दोन, `ર` हे अक्षर आणि `૨` हा दोनाचा आकडा. तीन, `પ` हे अक्षर आणि `૫` हा पाचाचा आकडा. या शेवटच्या दोन जोड्या छापात जवळजवळ सारख्याच दिसतात, पण संगणकासाठी त्या वेगळ्या खुणा आहेत. म्हणजे पडद्यावर तुम्हाला `પોળ` दिसेल, आत पाचाचा आकडा बसलेला असेल, आणि मॅप म्हणेल की असं काही नाही. डोळ्यांनी सगळं बरोबर दिसत असूनही शोध रिकामा आला तर हाच संशय आधी घ्यावा, आणि ते एक अक्षर पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाकावं.

त्यासाठी फोनमध्ये गुजराती कीबोर्ड घालून ठेवा. भाषा यायची गरज नाही. जीबोर्डमध्ये इंग्रजी अक्षरांवरून गुजराती उमटवणारा प्रकार आहे, तो मराठी टायपिंगची सवय असलेल्याला लगेच जमतो. अक्षराचा उच्चारच माहीत नसेल तर गुगल ट्रान्सलेटमध्ये मूळ भाषा गुजराती ठेवून बोटाने अक्षर काढायची सोय वापरा. पाटीवर जसं दिसतंय तसं बोटाने गिरवायचं, खाली सुचवलेल्या अक्षरांतून जुळणारं निवडायचं. मदन झांप्याच्या झ सारख्या अनोळखी आकारासाठी याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

आता देवनागरीबद्दल. मराठी घरांत बडोद्याची नावं तोंडी चालत आलेली आहेत. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, सयाजीगंज, बाबाजीपुरा. पुण्या-नाशिककडचे पाहुणे ती ऐकतात आणि देवनागरीत टाकतात. मोठ्या ठिकाणांसाठी हे चालतं. उलट काही बाबतीत इंग्रजीपेक्षा बरं चालतं. `रावपुरा` लिहिलं की व जागेवर राहतो, तर इंग्रजीत प्रचलित रूप `Raopura` आहे. उच्चारावरून `Ravpura` लिहिणाऱ्याला कधी कधी दुसरंच काहीतरी पुढे आलेलं दिसतं. गुजरातीतही `રાવપુરા` असा व आहे. म्हणजे पाटी, मराठी उच्चार आणि देवनागरी हे तिघं एका बाजूला, आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला.

काही हौशी मंडळी देवनागरी नाव आपोआप गुजराती लिपीत बदलणारी साधनं वापरतात. ती का चालतात हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातच त्यांची मर्यादाही दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी आणि गुजराती यांची मांडणी समांतर आहे. देवनागरी क चा क्रमांक `U+0915`, गुजराती क चा `U+0A95`. सोळाचा पाया धरून मोजलं तर बरोबर 180 चं अंतर, आणि ते जवळपास सगळ्या अक्षरांना लागू पडतं. ळ सुद्धा ठीक जातो. ॲ मात्र जात नाही, त्याच्या समोरची गुजराती जागा रिकामी आहे. त्यामुळे आपल्या पद्धतीने लिहिलेलं ॲपार्टमेंट असं यंत्र वापरून बदललं की पहिल्याच अक्षराला चौकट उमटते. पण त्याहून मोठी अडचण शुद्धलेखनाची आहे. यंत्र लिपी बदलतं, शब्द बदलत नाही. आपण बाजार लिहितो, गुजराती `બજાર` लिहितो. आपला राजमहाल, त्यांचा `રાજમહેલ`. आपलं फत्तेगंज, त्यांचं `ફતેગંજ`. दांडिया बाजार नुसता लिपी बदलून टाकलात तर `દાંડિયા બાજાર` होईल, आणि ते गुजराती वाचकाला चुकलेलंच वाटेल. मॅप ते चालवून घेईल, कारण ठिकाण प्रसिद्ध आहे. पण एखाद्या अनोळखी पोळीच्या नावात एवढा फरक पडला की शोध सुटतो. म्हणून देवनागरी फक्त कानावर आलेल्या नावासाठी वापरा. पाटी समोर असताना ती आपल्या लेखनात बदलून घेऊ नका.

स्पेलिंग कितीही बरोबर असलं तरी न सुटणारा एक प्रश्न आहे, तो म्हणजे सारख्या नावांचा. लग्नाच्या पत्त्यांत तो सगळ्यात जास्त त्रास देतो, म्हणून इथे थोडं थांबतो. तुमच्या पत्त्यात `વાડી` हा शब्द असण्याची शक्यता खूप आहे. बडोद्यात वाडी नावाचा जुन्या शहरातला एक भाग आहे. वडीवाडी नावाचा दुसरा भाग आहे, तो रेसकोर्सच्या बाजूला, रेल्वेरुळांच्या पलीकडे. आणि गुजरातीत एखाद्या समाजाच्या कार्यालयालाही वाडी म्हणतात, जिथे लग्नं लागतात. म्हणजे एकाच ओळीत दोनदा वाडी येऊ शकते, एकदा हॉल म्हणून आणि एकदा वस्ती म्हणून. इंग्रजीत `Wadi`, `Vadi`, `Vadi Wadi`, `Vadiwadi` हे सगळं एकमेकांत मिसळून जातं. व साठी कुणी `v` लिहितो कुणी `w`, आणि वड आणि वाड यांतला आकार इंग्रजीत हरवतो. गुजराती लिपीत निदान `વાડી` आणि `વડીવાડી` हे उघड वेगळे दिसतात. आमच्याकडे या दोघांत अडकलेली पार्सलं नेहमी येतात, आणि पत्ता लिहिणाऱ्याने गुजरातीत लिहिलेला असेल तर ती पटकन सुटतात.

पण मांडवीचा प्रश्न लिपीने सुटत नाही. बडोद्याची मांडवी, कच्छची मांडवी आणि सुरत जिल्ह्यातली मांडवी, तिघींचं गुजराती लेखन एकच, `માંડવી`. कच्छची मांडवी बंदराचं गाव, समुद्रकिनाऱ्यामुळे प्रसिद्ध. तुम्ही अजून पुण्यात बसून शोधत असाल आणि मॅप महाराष्ट्रावर उघडा असेल, तर बडोद्याच्या मांडवीऐवजी ती पुढे येऊ शकते. मॅपचं गणित मुख्यतः दोन गोष्टींवर चालतं, ठिकाण किती नावाजलेलं आहे आणि तुम्ही पडद्यावर कुठला भाग उघडून ठेवला आहे. म्हणून शोधायच्या आधी बोटाने नकाशा सरकवून बडोद्यावर आणा, जुनं शहर पडद्यावर दिसेल इतकं जवळ घ्या आणि मग नाव टाका. नावापुढे `વડોદરા` लिहा. बडोदा लिहिलं तरी हरकत नाही. 1974 साली नाव बदललं तरी विद्यापीठाच्या आणि बँकेच्या नावात `Baroda` टिकून आहे, आणि रेल्वेचा कोड आजही `BRC` आहे. मॅपला दोन्ही कळतात.

पत्त्याच्या ओळीतले आणखी काही शब्द काढून टाकावे लागतात. गुजराती पत्त्यात खुणेची जागा सांगायची पद्धत आपल्यासारखीच आहे. `પાસે` म्हणजे जवळ, `સામે` म्हणजे समोर, `પાછળ` म्हणजे मागे, `બાજુમાં` म्हणजे शेजारी. पूर्ण ओळ चिकटवली की मॅप या शब्दांसकट जुळणी करायला जातो आणि खुणेच्या ठिकाणालाच मुक्काम समजतो. एखादा हॉल बँकेच्या समोर असेल तर तुम्ही बँकेच्या दारात उतरता. मी ओळ अशी तोडतो: या चार शब्दांपैकी जो असेल त्याच्या लगेच आधीचं नाव खुणेचं, ते बाजूला ठेवायचं. उरलेल्यातून आधी हॉलचं नाव इंग्रजीत शोधायचं. ते नाही सापडलं तर वस्तीचं नाव गुजरातीत शोधायचं. आणि बाजूला ठेवलेलं खुणेचं नाव शेवटी पडताळणीला वापरायचं.

पडताळणी कशी, हे तुम्ही विचारलंच आहे. सगळ्यात आधी अंतर बघा. बडोद्यातून शोधताना निकालापुढे शंभरावर किलोमीटर दिसले की दुसरं गाव आलंय हे उघड आहे. गावातल्या गावात मात्र अंतर उपयोगी पडत नाही, तिथे पिन कोड बघा. रावपुरा, दांडिया बाजाराचा भाग 390001, अलकापुरी 390007, जुन्या शहरातली वाडी 390017. पत्त्यातला पिन आणि मॅपवर उघडलेल्या ठिकाणाचा पिन शेवटच्या अंकापर्यंत जुळतो का ते पाहा. वाडी आणि वडीवाडी यांच्यात घोळ झाला असेल तर तो इथे पकडला जातो. पिन गुजराती आकड्यांत असेल तर घाबरू नका, बरेचसे आकडे आपल्यासारखे आहेत. फक्त पाच आणि नऊ वेगळे दिसतात, `૫` आणि `૯`.

जुन्या शहरात आणखी एक पडताळणी करता येते, आणि ती मला स्वतःला पिनपेक्षाही आवडते. मांडवी मध्यभागी आहे आणि तिथून चार दिशांना चार दरवाजे आहेत: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. हॉल यांपैकी कुठल्या दरवाजाच्या बाजूला आहे एवढं एकच यजमानांना फोनवर विचारा. मग मॅपवर आलेली खूण मांडवीपासून त्याच दिशेला आहे का बघा. स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही. बडोद्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे उत्तर झोपेतही देता येईल.

काही ठिकाणांना दोन नावं आहेत, तिथे कुठलीच लिपी कामाची नाही. सयाजीबागेला बडोद्यात सर्रास कमाटीबाग म्हणतात, आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा उच्चार कामाठीबाग. पत्त्यात एक आणि मॅपवर दुसरं असेल तर स्पेलिंग बदलत बसण्यात वेळ जातो. दोन-तीन रूपं टाकूनही काहीच आलं नाही, तर याला दुसरं नाव आहे का, असं कुणाला तरी विचारावं.

ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप वापरत असाल तर हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे प्रत्येक ठिकाणाला `name` असतं आणि भाषेनुसार `name:gu`, `name:mr` अशा वेगळ्या नोंदी करता येतात, पर्यायी नावासाठी `alt_name` आणि जुन्या नावासाठी `old_name`. कुणी तरी हाताने भरलं असेल तरच गुजराती नाव सापडतं. छोट्या पोळींना ते नसण्याचीच शक्यता जास्त. तिथे इंग्रजीवर भिस्त ठेवा.

मॅपची भाषा काही वेळापुरती गुजराती करून बघणं हा एक चांगला उपाय आहे, तो फार कमी लोक करतात. सेटिंग्जमध्ये ॲपची भाषा बदलता येते. गुजराती केली की नकाशावरची नावं गुजरातीत दिसायला लागतात, आणि मग वाचता येत नसलं तरी समोरच्या पाटीवरचा आकार आणि नकाशावरचा आकार जुळवता येतो. चौकात उभं राहून हे विशेष सोपं जातं, कारण निळ्या ठिपक्याच्या आसपासची चार-पाच नावंच बघायची असतात. मात्र सगळे पर्यायही गुजरातीत होतात, त्यामुळे परत मराठी किंवा इंग्रजी कुठून करायची ती जागा आधी लक्षात ठेवा.

शेवटी पोळीबद्दल सांगतो, कारण बरोबर नाव, बरोबर पिन, सगळं जुळून आल्यावरही पाहुणे इथे चुकतात. पोळ म्हणजे आत जाणारी अरुंद वस्ती, आणि बऱ्याचदा तिला मुख्य तोंड एकच असतं. मॅपवर पोळीची खूण साधारण मधोमध पडते. गाडीसाठी रस्ता मागितला की मॅप त्या खुणेच्या सरळ रेषेत सगळ्यात जवळच्या रस्त्यावर सोडतो. तो रस्ता कधी कधी पोळीच्या पाठीमागचा असतो, जिथून आत शिरायला वाटच नसते. तुम्ही भिंतीपाशी उभे आणि लग्नघर भिंतीपलीकडे. म्हणून घर किंवा हॉल पोळीत असेल तर यजमानांकडून पोळीच्या नाक्यावरचं दुकान विचारून घ्या, ते इंग्रजीत शोधा आणि गाडी तिथपर्यंतच न्या. बसने येणाऱ्या मंडळींना हीच खूण पाठवा, हॉलची नको. शिवाय पोळीचं नाव गुजराती लिपीत मोठ्या अक्षरांत फोनवर लिहून ठेवा. रिक्षावाल्याला इंग्रजी स्पेलिंग दाखवलं तर तो ते पुन्हा आपल्या उच्चारात वाचतो आणि तुम्ही पुन्हा वाडी-वडीवाडीच्या फेऱ्यात सापडता. गुजरातीत दाखवलं की तो एक नजर टाकतो आणि रिक्षा वळवतो.